‘आय विल कीप द फोन’ म्हटलं आणि पलीकडे शांतता

प्राची_महाल
नमस्कार मंडळी. मिहानमधल्या एका छोट्या ऑफिसात चार महिन्यांपासून आहे. इंग्लंडमधल्या एका फर्निचरवाल्याची थकलेली बिलं आम्ही इथून वसूल करतो. उन्हाळ्यात दुपारी दीडला शिफ्ट सुरू होते, तिकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. दिवसाला तीस-पस्तीस दुकानदारांना फोन लावायचा आणि पैसे कधी येणार ते विचारायचं, एवढंच काम.

माझं व्याकरण वाईट नाही. ईमेल तर टीममध्ये सगळ्यांचे मीच तपासून देते. पण परवा टीम लीडरने माझा एक कॉल ऐकवला आणि म्हणाली, "प्राची, तू इंग्रजी बोलत नाहीस, मराठीचं भाषांतर वाचून दाखवतेस." राग आला, पण कॉल पुन्हा ऐकला तेव्हा पटलं. आठवतो तसा लिहिते.

मी: हॅलो, आय ॲम प्राची स्पीकिंग फ्रॉम अकाउंट्स.
तो: ओ हाय, हाऊ आर यू गेटिंग ऑन?
मी: आय ॲम इन ऑफिस ओन्ली.
तो: ...राइट.
मी: युवर मार्च पेमेंट इज नॉट कम. व्हेन यू विल सेंड?
तो: अं, आय थॉट वी पेड दॅट.
मी: वेट वन मिनिट, आय ॲम सीइंग.
(दीड मिनिट शांतता)
मी: नो, नॉट केम. टेल मी डेट.
तो: फ्रायडे?
मी: ओके, इट विल रन. आय विल कीप द फोन.

'चालेल' आणि 'फोन ठेवते'. हसू नका. लिहिताना मी असं कधीच लिहिणार नाही, पण बोलताना तोंडातून हेच निघतं. ऐनवेळी तोंडात तयार वाक्य येण्यासाठी काय करायचं?

सदरकर_नितीन
ॲक्सेंटचा कोर्स करून टाक. बर्डीवर तीन महिन्यांचे भरपूर क्लास आहेत. आपण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' सारखाच म्हणतो, तिथेच गोऱ्याला कळत नाही. मी केला होता, फरक पडला.

प्राची_महाल
नितीनदादा, त्याला माझा शब्द न् शब्द कळत होता. कळूनही तो गप्प झाला, हीच तर अडचण आहे.

विदर्भ_एक्सप्रेस
सोप्पं आहे. व्याकरण विसरा! लहान मूल कुठे व्याकरण शिकतं? पाचशे इडियम पाठ करून टाका. 'पीस ऑफ केक', 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' वगैरे. रोज दहा केले तर दोन महिन्यांत नेटिव्हसारखं बोलाल. मी स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केले होते, अजून लक्षात आहेत.

संथ_वाचक
एक्सप्रेसभाऊंचं अर्धं बरोबर आहे. सुटे शब्द जोडत बसण्यापेक्षा अख्खा तुकडा घ्यावा, हे खरं. पण तुकडा कुठला घ्यायचा, तिथे घोटाळा झालाय. उधारीच्या कॉलवर 'कॅट्स अँड डॉग्ज' कोण म्हणणार? पाऊस पडत असला तरी तिकडचा माणूस बहुधा 'इट्स पोअरिंग' एवढंच म्हणतो. रोज शंभरदा तोंडात येणारे तुकडे इतके साधे असतात की पुस्तकात कोणी त्यांची यादी करत नाही. प्राचीताई, तुमच्या कॉलमध्ये तसल्या सहा-सात तुकड्यांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तिथे मराठी येऊन बसलंय.

वीस-बावीस वर्षं संध्याकाळचे वर्ग घेतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला 'साडेपाच', 'साडेसहा' शिकवा. मग दीड वाजता विचारा, किती वाजले? तो म्हणेल 'साडेएक'. नियम अगदी बरोबर लावलाय त्याने, अर्थही कळतो, पण आपण हसतो. का? तर 'दीड' हे आपण नियमाने तयार करत नाही, उचलून देतो. भाषेत नियमाने होऊ शकणारी वाक्यं अगणित, पण माणसं त्यातली थोडीच वापरतात. १९८३ मध्ये पॉली आणि सायडर या दोन भाषाअभ्यासकांनी हाच मुद्दा मांडला आणि त्यांनीही घड्याळाचंच उदाहरण घेतलं. 'इट्स ट्वेंटी टु सिक्स' ऐवजी 'सिक्स लेस ट्वेंटी' म्हटलं तर व्याकरण मोडत नाही, पण तसं कोणी म्हणत नाही. त्यांचा दुसरा मुद्दा तुमच्या जास्त कामाचा आहे. माणूस सरळ बोलू शकतो ते मोठमोठे तुकडे तयार असतात म्हणून. शब्द शब्द जुळवायला बोलताना वेळच नसतो.

म्हणून ईमेल चांगला आणि कॉल वाईट. ईमेलला तुम्हाला वेळ मिळतो.

अमरावतीची_सून
सर, साडेएक! माझ्या जाऊबाई बंगाली आहेत, लग्नानंतर वर्षभर 'साडेदोन' म्हणायच्या. आणि सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी मामंजी 'काय करून राहिली?' म्हणाले, तर त्यांना वाटलं काहीतरी करून झाल्यावर मी इथे राहिले आहे का असं विचारतात. वऱ्हाडी-नागपुरीतलं 'करून राहिली' म्हणजे नुसतं 'करते आहेस', हे त्यांना कोण सांगणार!

टॅक्सीवाला_गिट्टीखदान
मी आपली गोष्ट सांगतो. एअरपोर्टावरून पाहुणे पेंचले नेतो, बारा वर्षं झाली. शाळा आठवीपर्यंत. पण फॉरेनचे पाहुणे म्हणतात युअर इंग्लिश इज व्हेरी गुड. काऊन की मी त्यायचंच ऐकून त्यायलेच परत देतो. 'माइंड युअर हेड', 'हॅव यू गॉट एव्हरीथिंग', 'वी आर नियरली देअर'. त्यातला एक एक शब्द अलग काढून विचारला तर मले सांगता नाही येत. 'माइंड' म्हणजे डोकं न? मग 'माइंड युअर हेड' म्हणजे डोकं तुझं डोकं? पण दार उघडलं की निघते तोंडातून.

फजिती पण झाली. एकानं मले 'लाँग टाइम नो सी' म्हटलं, दुसऱ्यांदा आला होता तो. मले वाटलं नमस्कारच हाय. मग सहा महिने पहिल्यांदा आलेल्या सगळ्या पाहुण्यायले मी तेच म्हणून राहिलो.

संथ_वाचक
टॅक्सीवाले दादा, शिकण्याची तुमची रीत माझ्या वर्गातल्यापेक्षा चांगली आहे. आणि फजितीही मोलाची. तुकड्यासोबत त्याची वेळ उचलावी लागते. कोण, कुणाला, कधी म्हणालं. नुसते शब्द उचलले की असं होतं.

प्राची_महाल
सर, मग माझ्या कॉलचं काय करू? कुठले तुकडे?

संथ_वाचक
एक एक जागा घेऊ.

ओळख. फोनवर 'आय ॲम प्राची' जरा उपरं वाटतं. 'इट्स प्राची फ्रॉम अकाउंट्स' किंवा पहिल्यांदाच बोलत असाल तर 'दिस इज प्राची'. मग फोनचं कारण: 'आयॅम जस्ट कॉलिंग अबाउट द मार्च इन्व्हॉइस'. तो 'जस्ट' काढू नका. अर्थ काही नाही त्याला, पण आपल्या 'सहज फोन केला होता'मधल्या 'सहज'चं काम करतो.

'हाऊ आर यू गेटिंग ऑन' म्हणजे 'काय, कसं चाललंय'. उत्तर 'नॉट टू बॅड, थँक्स, यू?' इथे प्रामाणिक उत्तर द्यायचं नसतं. आपण 'जेवण झालं का' विचारलं तर कोणी काय जेवलं ते सांगत बसतं का?

मग पैसे आले नाहीत, ही वाईट बातमी. मराठीत आपण 'अहो, ते मार्चचं अजून दिसत नाही हो' म्हणतो. 'हो' लावून मऊ करतो. इंग्रजीत ते काम 'आयॅम अफ्रेड' आणि 'इट लुक्स लाइक' करतात. 'इट लुक्स लाइक इट हॅजन्ट कम थ्रू येट.' पैसे 'थ्रू' येतात, नुसते 'कम' होत नाहीत. आणि तो 'आय थॉट वी पेड दॅट' म्हणाला, की 'आयॅम अफ्रेड इट्स नॉट शोइंग ॲट अवर एंड'. यात भीतीचा काही संबंध नाही.

विचारणं. 'व्हेन यू विल सेंड'मध्ये दोन गोष्टी आहेत. क्रम चुकला, ते सोडा. मोठी गोष्ट अशी की ते पोलिसी वाटतं. त्या जागी 'आय वॉज वंडरिंग इफ यू हॅड अ डेट फॉर इट'. 'वॉज' आणि 'हॅड' भूतकाळ दिसतात, पण काळाशी देणंघेणं नाही, ते अंतर राखायला आहेत. आपण नाही का दुकानात आत्ता उभे राहून 'जरा दोनशेचे सुटे हवे होते' म्हणत? तस्संच.

थांबवणं. 'वेट वन मिनिट' हे आईने पोराला म्हणावं. 'बेअर विथ मी, आयल जस्ट पुल इट अप.' आणि मग दीड मिनिट गप्प राहायचं नाही. मध्येच 'ऑलमोस्ट देअर' म्हणायचं, म्हणजे त्याला कळतं तुम्ही आहात.

'चालेल'ला इंग्रजीत एक शब्द नाही, म्हणून तुमचा 'रन' झाला. तारखेचं चालेल म्हणजे 'फ्रायडेज फाइन' किंवा 'दॅट वर्क्स फॉर मी'. चहा नाही, कॉफी चालेल का, तर 'कॉफीज फाइन'. जमेल का, तर 'डज दॅट वर्क फॉर यू?' प्रत्येक 'चालेल'ला आधी विचारायचं, कशाला चालेल?

फोन ठेवणं. इंग्रजीत एकदम 'बाय' म्हणणं तुटक वाटतं. आधी इशारा देतात: 'राइट, आयल लेट यू गेट ऑन.' तुम्हाला तुमच्या कामाला मोकळं सोडतो. जायचं आपल्याला असतं, सोय त्याची दाखवायची. आपण निघताना 'येतो' म्हणतो की नाही? जातोय, पण म्हणतो 'येतो'. ते शब्दशः सांगितलं तर इंग्रज दार उघडं ठेवून बसेल.

विदर्भ_एक्सप्रेस
म्हणजे माझंच खरं ना, व्याकरण नको, पाठ करा.

संथ_वाचक
नाही भाऊ. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड' इथपर्यंत तुकडा घट्ट आहे, पुढची जागा रिकामी. तिथे 'सेंड' येणार, 'टु सेंड' नाही, 'सेंडिंग' नाही. 'लुकिंग फॉरवर्ड टु'च्या पुढे उलट, 'हिअरिंग' येणार, 'हिअर' नाही. ही चूक मी रोज तपासतो. 'ॲज फार ॲज आय नो' मात्र सगळाच गोठलेला, त्यात काही हलवता येत नाही. म्हणून वहीत तुकडा लिहिताना रिकाम्या जागेसह लिहायचा, आणि त्या जागेत काय बसतं ते उदाहरणाने. मुलं व्याकरण शिकत नाहीत म्हणता, पण ती वर्षानुवर्षं दिवसभर ऐकतात. प्राचीताईंना तेवढा वेळ नाही.

रेवती_धरमपेठ
मला हा सगळा प्रकार थोडा खटकतोय. आपल्याकडेही इंग्रजीचे आपले तुकडे आहेतच. 'डू द नीडफुल', 'प्रीपोन', 'व्हॉट इज युअर गुड नेम'. एकशे चाळीस कोटींच्या देशात ते चालतात. त्यांनी आपलं समजून घ्यावं की. आपणच किती वाकायचं?

सदरकर_नितीन
'डू द नीडफुल' चूकच आहे ना पण. इंटरनेटवर लोक टिंगल करतात.

संथ_वाचक
चूक नाही. जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारातून आलेलं आहे, तिकडे मागे पडलं, आपल्या सरकारी टेबलावर टिकलं. मुंबईच्या ऑफिसला पाठवा, काम होईल. 'गुड नेम' मात्र 'शुभनाम'चं सरळ भाषांतर, पण तेही आता भारतीय इंग्रजीत रुळलंय. रेवतीताई, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण प्राचीताईंचा ग्राहक इंग्लंडमधला दुकानदार आहे, त्याला पैसे द्यायचेत आणि तो चिडलेला आहे. त्याच्याशी बोलताना त्याच्या कानाला सवयीचं वापरावं, एवढंच माझं म्हणणं.

रेवती_धरमपेठ
पैसे त्याने थकवलेत आणि मऊ आपण बोलायचं! पटत नाही, पण चालू द्या.

प्राची_महाल
सर, वही केली. पण 'आय वॉज वंडरिंग इफ' मी आरशासमोर म्हणते आणि तरी वाचल्यासारखंच वाटतं.

संथ_वाचक
तुम्ही थांबता कुठे ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. 'आय वॉज... वंडरिंग... इफ यू...' असं असेल तर अजून तो तुकडा झालेला नाही, सुटे शब्दच आहेत. थांबायला हरकत नाही, पण तुकडा संपल्यावर: 'आय वॉज वंडरिंग इफ यू हॅड... अ डेट फॉर इट'. तुकडा तयार झाला की नाही याची माझ्याकडे हीच एक परीक्षा आहे.

दुसरं, आपण मराठीच्या सवयीने प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो. इंग्रजी तुकड्यात एक-दोन जागी जोर असतो, बाकीचं चेपलं जातं. 'आयवजवंड्रिंगिफ्यू', सगळं एका दमात, जोर फक्त 'वं'वर. 'आयल गेट बॅक टु यू'मध्ये जोर 'बॅक'वर आणि 'टु'चा 'ट' राहतो. सुट्या शब्दांनी पाठ केलेला तुकडा कानावर आला तर ओळखूसुद्धा येत नाही, मग तुम्हालाच पलीकडचा कळत नाही.

YouGlish नावाच्या साइटवर `"bear with me"` टाका आणि ब्रिटिश निवडा. लोकांनी तो तुकडा जिथे जिथे म्हटलाय ते व्हिडिओ त्या क्षणापासून सुरू होतात. आठ-दहा ऐका, दोनदा त्यांच्यासोबत म्हणा. बातम्या ऐकून हे येत नाही, बातम्या लिहिलेल्या असतात. गप्पा ऐका, मुलाखती ऐका.

आठवड्याला पाचच. त्याहून जास्त घेतलेले माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत राहतात, तोंडात येत नाहीत. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला मराठी अर्थ लिहू नका, प्रसंग लिहा: 'पैसे आले नाहीत हे सांगायचंय, तो आधीच वैतागलाय'. मागे तुकडा. अर्थ लिहिलात तर डोकं पुन्हा मराठीतूनच जाईल. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पाहा. आणि एक तुकडा तीन वेगवेगळ्या खऱ्या कॉलवर वापरला की ती चिठ्ठी फाडून टाका.

अमरावतीची_सून
चिठ्ठी फाडायला मन होत नाही हो सर, मी तर डब्यात भरून ठेवल्यात.

प्राची_महाल
तीन आठवड्यांनी परत आले. अहवाल देते.

चांगलं आधी. 'इट लुक्स लाइक इट हॅजन्ट कम थ्रू' इतकं बसलंय की काल आईला म्हणाले, गॅसची सबसिडी हॅजन्ट कम थ्रू. आणि 'आय वॉज वंडरिंग'ने खरंच फरक पडला. एक बाई स्वतःहून म्हणाल्या, सॉरी, माझ्याकडूनच राहिलं.

आता वाईट. एका कॉलवर मी 'बेअर विथ मी' सहा वेळा म्हटलं. टीम लीडरने मोजलं. आणि एक तक्रार करणारा दुकानदार म्हणाला, माझं कपाट फुटकं आलंय, तर मी म्हणाले 'नो वरीज'. तो म्हणाला, वेल, आय ॲम वरीड!

सगळ्यात मोठं शुक्रवारी. मी 'लेट यू गेट ऑन' म्हणायच्या आधी तोच म्हणाला, 'एनीवे, आयल लेट यू गो.' मी म्हटलं, "नो नो, आय ॲम नॉट गोइंग, माय शिफ्ट इज टिल टेन थर्टी."

संथ_वाचक
हाहा. तुम्ही म्हणायला शिकलात, ऐकायला नाही. माझी चूक, मी एकच बाजू दिली. शेवट करण्याचे चार-पाच तरी प्रकार ओळखता आले पाहिजेत, वापरायला एक पुरे. 'एनीवे' ऐकू आलं की समजा पलीकडचा निघाला. 'नो वरीज'चं म्हणाल तर ते कोणी माफी मागितली किंवा आभार मानले की. तक्रारीला 'ओ, आयॅम सो सॉरी टु हिअर दॅट'. आणि 'बेअर विथ मी'ला जोडीदार द्या, 'जस्ट अ सेक', 'लेट मी सी'.

सदरकर_नितीन
ॲक्सेंट पण करून घे सोबत.

टॅक्सीवाला_गिट्टीखदान
सर, एक विचारायचं होतं. मागच्या महिन्यात एका पाहुण्याले सिव्हिल लाइन्समधल्या हॉटेलात सोडलं. उतरताना म्हणाला 'सी यू लेटर'. मले वाटलं रात्री जेवायले कुठं जायचं असन. मी गाडी लावून खालीच थांबलो. तो आलाच नाही. मले काही चुकलं का?

संथ_वाचक
दादा, ते नुसतं 'येतो' होतं. किती वेळ थांबलात?

टॅक्सीवाला_गिट्टीखदान
साडेदहापर्यंत.